दहावी सराव परीक्षा, गणित भाग 1 (बीजगणित): प्रश्नविश्लेषण व नियमनाच्या नोंदी

40 गुण, 2 तास. मसुदा 111 मुलांकडून सोडवून घेतला. एकूण गुणांनुसार वरच्या 27 टक्क्यांतले 30 आणि खालच्या 27 टक्क्यांतले 30 असे दोन गट केले. खालील आकडे या 60 उत्तरपत्रिकांचे आहेत. काठिण्य निर्देशांक (का.) म्हणजे बरोबर उत्तरांचे प्रमाण, म्हणजे आकडा मोठा तितका प्रश्न सोपा. भेदन निर्देशांक (भे.) म्हणजे वरच्या आणि खालच्या गटांच्या यशातला फरक.

प्र. 1 (अ)(i) D = 6, Dx = −18 असताना x ची किंमत. का. 0.90, भे. 0.13. भेद कमी असला तरी पहिला प्रश्न असाच हवा. ठेवावा.

प्र. 1 (अ)(iii) पेपरातला सगळ्यात गंभीर दोष इथे आहे. वर्गसमीकरण ओळखायचे होते. पर्याय असे:
(अ) x(x + 3) = x² + 1
(ब) (x − 1)(x + 2) = 0
(क) x² + 1/x = 2
(ड) (x + 1)² = 2x + 5

उत्तरसूचीत (ब). वरच्या गटातल्या 14 आणि खालच्या गटातल्या 19 मुलांनी (ब) लिहिले: का. 0.55, भे. −0.17. भेद उणे आला की आधी उत्तरसूची तपासायची. (ड) सोडवून पाहा: 2x उडतो, उरते x² = 4. तेही वर्गसमीकरणच आहे! वरच्या गटातल्या 13 जणांनी (ड) निवडला तो सोडवून पाहिल्यामुळेच. वरवर पाहणाऱ्याला गुण आणि मेहनत करणाऱ्याला शून्य, असा हा प्रश्न आहे. (ड) बदलून (x + 1)² = x² + 5 करावा. आता x² उडतो आणि समीकरण रेषीय होते.

प्र. 2 (अ), श्रेढीची कृती 2, 6, 10, … च्या पहिल्या 20 पदांची बेरीज. गुण 2 आणि चौकटी 3, म्हणजे एका चौकटीला किती? एका तपासनिसाने शेवटच्या चौकटीला 1 दिला, दुसऱ्याने पहिलीला. 19 × 4 साठी चौथी चौकट घालावी आणि प्रत्येकी अर्धा गुण ठेवावा. d चुकला, पण पुढची आकडेमोड त्या d प्रमाणे बरोबर असेल, तर पुढच्या चौकटींचे गुण कापू नयेत. हे उत्तरसूचीत स्पष्ट लिहावे.

प्र. 2 (ब)(ii) ‘5,600 रुपये किमतीच्या मिक्सरवर 12% दराने जीएसटी आहे, तर केंद्राचा कर किती?’ किंमत करासह की कराविना? करासह धरली तर 300, कराविना धरली तर 336. दोन्ही उत्तरे आली आणि दोन्ही समर्थनीय आहेत. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतांश वस्तूंवरून 12 टक्क्यांचा टप्पा गेला आहे. नवे वाक्य: ‘एका मिक्सरची करासह किंमत 5,900 रुपये आहे. जीएसटीचा दर 18% असल्यास केंद्राचा कर काढा.’ उत्तर 450 रुपये.

प्र. 2 (ब)(v) दोन फाशांवरील बेरीज 5 ने विभाज्य असण्याची संभाव्यता (7/36). 23 जणांनी सोडवला, 21 जणांचा बरोबर. 0.91 हा आकडा पाहून ‘सोपा आहे’ म्हणू नये. पाचपैकी चार सोडवायचे असल्याने ज्यांना येतो तेच हात घालतात. खालच्या गटातले तर पाचच जण होते, म्हणून भे. काढलेलाच नाही. पर्यायी प्रश्नांसाठी किती जणांनी निवडला हा आकडाच जास्त बोलका असतो.

प्र. 3 (ब), मध्यक: वर्ग 1–10, 11–20 असे खंडित. का. 0.29, भे. 0.09. वर्ग सलग करणे अपेक्षितच आहे, अडचण तिथे नाही. N = 75, f = 16 असल्याने उत्तर 24.5625 येते आणि चांगली मुलेही भागाकारात अडकतात. किती दशांश स्थळांपर्यंत हेही सांगितलेले नाही. N = 80, मध्यक वर्गाच्या आधीची संचित वारंवारता 30 आणि f = 20 घेतल्यास 20.5 + 5 = 25.5 येते.

प्र. 4, शेततळे लांबी रुंदीपेक्षा 7 मी जास्त, कर्ण 13 मी. भे. 0.52, पेपरातला सर्वोत्तम प्रश्न. पण काही मुलांनी 5, 12, 13 हे त्रिकूट ओळखून थेट उत्तर लिहिले. त्याच उत्तराला तीन तपासनिसांनी 1, 2 आणि 4 गुण दिले. ‘वर्गसमीकरण तयार करून सोडवा’ हे शब्द घालावेत. गुणविभागणी: समीकरण मांडणे 1, x² + 7x − 60 = 0 हे रूप 1, मुळे 1, −12 नाकारण्याचे कारण व एककासह उत्तर 1. नुसत्या उत्तराला 1.

प्र. 5 x + y = 40, x = 3y वरून शाब्दिक उदाहरण तयार करा. तयार करण्यास 2, सोडवण्यास 1. विषय कोणताही चालेल, मात्र 30 आणि 10 ही उत्तरे त्या प्रसंगात शक्य हवीत.

बदललेले 1 (अ)(iii) आणि मध्यकाचे उदाहरण दुसऱ्या तुकडीकडून पुन्हा सोडवून घ्यावे. बाकीचा पेपर दुरुस्त्यांसह छपाईला द्यायला हरकत नाही.