क्रिटिकल पाथ आणि गँट चार्ट: एक सोडवलेलं उदाहरण

कारखान्यात नवं यंत्र बसवायचं आहे. कामं सात, कालावधी दिवसांत:

| काम | आधीचं काम | दिवस |
|---|---|---|
| अ: जागेची आखणी | – | 4 |
| ब: कंट्रोल पॅनेलची जुळणी | – | 6 |
| क: वायरिंग | अ | 5 |
| ड: पायाची खोदाई | अ | 3 |
| ई: पॅनेल बसवून तपासणी | ब, क | 4 |
| फ: काँक्रीट, क्युरिंगसह | ड | 7 |
| ग: यंत्र बसवणं | ई, फ | 2 |

आधी पुढे चालत जा. अ 4 ला संपतं, ब 6 ला, क 9 ला, ड 7 ला, फ 14 ला. ई ला ब आणि क दोन्ही हवेत, म्हणून ते 6 ला नाही, 9 ला सुरू होऊन 13 ला संपतं. कामांचं जाळं काढून आधीच्या कामाकडून पुढच्या कामाकडे बाण काढले, तर जिथे बाण एकत्र येतात तिथे मोठा आकडा घ्यायचा. ग 14 ला सुरू, 16 ला पूर्ण. प्रकल्प 16 दिवसांचा.

आता उलटं या. जिथे बाण फुटतात तिथे लहान आकडा. ग उशिरात उशिरा 14 ला सुरू व्हायला हवं, म्हणून ई 10 ला आणि फ 7 ला. ब 4 ला, क 5 ला, ड 4 ला. अ च्या पुढे क (5) आणि ड (4), त्यामुळे अ 4 पर्यंत संपलंच पाहिजे. मार्क सर्वाधिक इथेच जातात.

लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा या दोन सुरुवातींमधला फरक म्हणजे टोटल फ्लोट: ब 4, क 1, ई 1, बाकी शून्य. शून्य फ्लोटच्या कामांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ: अ-ड-फ-ग. ब सहा दिवसांचं, तरी निवांत. ड तीनच दिवसांचं, पण तिथे एक दिवस चुकला की यंत्र 17 व्या दिवशी.

```
अ  ####
ब  ######~~~~
क  ....#####~
ड  ....###
ई  .........####~
फ  .......#######
ग  ..............##
```

एक खूण म्हणजे एक दिवस. `~` म्हणजे फ्लोट. हेन्री गँट यांच्या नावाचा हा तक्ता साइटवर कुणालाही कळतो, पण कोण कुणावर अवलंबून आहे हे पट्ट्या सांगत नाहीत. चित्रात क आणि ई दोघांना एकेक दिवस मोकळा दिसतो. तो दिवस मात्र एकच, सामायिक आहे. वायरिंगवाल्यांनी वापरला, तर पॅनेलवाल्यांकडे काहीच उरत नाही. म्हणूनच क चा फ्री फ्लोट, म्हणजे पुढच्या कामाला धक्का न लावता मिळणारी सवड, शून्य येतो (ई ची सुरुवात 9 वजा क चा शेवट 9), तर ब चा 3.

परीक्षेतला आवडता उपप्रश्न: लवकर घट्ट होणारं काँक्रीट वापरून फ 2 दिवसांनी कमी केलं तर? घाईत 14 लिहू नका. अ-ड-फ-ग 14 चा होतो खरा, पण अ-क-ई-ग 15 चाच राहतो. उत्तर 15, आणि आता क्रिटिकल पाथ अ-क-ई-ग. दुसऱ्या दिवसाच्या कपातीचे पैसे वाया गेले.