फुई, यंदा आखाजी तुझ्याकडे येतेय

फुई, आखाजीच्या खूप खूप शुभेच्छा गं! कशी शे तू? पाय फार दुखतोय का आज?

ताई, हे सगळं तू तिला मोठ्याने वाचून दाखव, तिचा चष्मा घरीच राहिलाय आणि तो घ्यायला ती फुवांना एवढ्या उन्हात शिरपूरला पाठवणार नाही हे मला माहितीये.

फुई, काल तू फोनवर रडलीस ना, माझ्यामुळे पोरांच्या सणाचा विचका झाला म्हणालीस, ते मला रात्रभर टोचत राहिलं. कसला विचका गं? तू पडलीस ती काय हौस म्हणून पडलीस का? भर उन्हात गच्चीवरून वाळलेल्या कुरडया खाली आणत होतीस, त्याही आमच्यासाठीच, माहेरी न्यायच्या म्हणून, आणि जिन्याची शेवटची पायरी चुकली. खुब्याचं हाड मोडलं तरी तुझं पहिलं वाक्य काय, तर कुरडया उचला रे कोणी. ताईने सांगितलं तेव्हा माय पदर डोळ्याला लावून बसली होती. तर ऐक, त्या कुरडया परवा फुवांनी डब्यात भरून पाठवल्या आणि आज तळल्या. एकेक कुरडई कढईत टाकली की अशी फुलत होती की झाऱ्यावर मावेना, पांढरीशुभ्र. थोड्या मोडल्या होत्या, तो चुरा पोरांनी तसाच वाटीत घेऊन खाल्ला. म्हणजे तुझा वाटा घरात आला, तू नाही आलीस एवढंच.

मांड्यांचं मात्र खरं सांगते, तुझ्यावाचून अवघड गेलं. खापर चुलीवर बरोबर तापलं होतं, पुरण मायने छान वाटलं होतं, कणीकही काकूने पाण्यातेलात तिंबून तिंबून लोण्यासारखी केली होती, पण मांडा हातावर घेऊन कोपरापर्यंत फिरवत फिरवत मोठा करायचा तर पहिले दोन फाटले आणि तिसरा खापरावर टाकताना दुमडला. काकू म्हणाली आमच्या नणंदबाई असत्या तर आतापर्यंत पंधरा झाले असते. चौथ्यापासून जमलं. मी पण एक केला फुई, पहिल्यांदाच, आकाराने नकाशा झाला पण फाटला नाही. तू बरी झालीस की समोर खुर्ची टाकून बस आणि मला शिकव, हात माझे आणि नजर तुझी, असं चालेल ना?

आणि सकाळचं तर मी कधीच विसरणार नाही. घागर भरली, वर डांगर, सांजोरी, आंबा सगळं ठेवलं, आणि जिभाऊ उंबऱ्यापाशी कुंकू घेऊन बसले तर आजोबा आणि पणजोबांच्या पुढची नावंच कोणाला आठवेनात. दरवर्षी तू मागे उभी राहून सांगतेस त्यामुळे कोणी लिहूनच ठेवली नाहीत. शेवटी तुला व्हिडिओ कॉल लावला, आणि तू त्या पलंगावर पडल्यापडल्या, एका हाताला सलाईन, डोळे मिटून एकेक नाव घेत गेलीस, बायकांची सुद्धा, लहानपणीच गेलेल्या तुझ्या त्या भावाचं सुद्धा, आणि जिभाऊ एकेक कुंकवाचं बोट उंबऱ्यावर ओढत गेले. फोन ठेवल्यावर जिभाऊ बराच वेळ तिथेच बसून होते, आगारी टाकायला सुद्धा त्यांना हाक मारावी लागली. मग मला म्हणाले, माझी बहीण आज घरात नाही असं वाटलंच नाही. आता तूच सांग, सणाचा विचका झाला का?

नावं मी आता वहीत लिहून घेतलीयेत. पण पुढच्या वर्षी सांगायची तूच, वही मी उघडणार नाही.

झोका बांधलाय वाड्यामागच्या निंबाला, नेहमीच्याच फांदीला. पोरी सकाळपासून विचारतायत फुईआजी कधी येणार, कारण पहिला झोका तुझा असतो हे त्यांना पाठ आहे. त्यांनी गौराईची गाणी म्हटली ती मी रेकॉर्ड करून ताईला पाठवलीयेत, दुपारी वॉर्डात जरा शांत असेल तेव्हा ऐक. मध्ये एकदा शब्द चुकलेत आणि सगळ्या हसतायत, ते मी मुद्दाम कापलं नाही.

ऊन इथे भयंकर आहे, त्रेचाळीसच्या वर गेलंय, त्यामुळे तू तिथे पंख्याखाली आहेस तेही बरंच म्हणायचं. बोरीच्या पात्रात पाण्याचा थेंब नाही. एकादशीला अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ आहे, पण यंदा गर्दीत जायचा विचार सुद्धा मनात आणू नको, फोनवर दर्शन घडवते मी.

आता जरा रागावते, वाईट वाटून घेऊ नको. ताई म्हणते ती तीन गोळ्यांची फुंकणी तू नीट करत नाहीस, दोनदा केली की बाजूला ठेवतेस. अगं ती फुंकायची नाहीच मुळी, श्वास आत ओढायचा असतो, हळूहळू, आणि गोळी वर गेली की जमेल तेवढा वेळ ती वरच धरून ठेवायची. पडून राहिलं की छातीत कफ साचतो, त्यातून न्युमोनिया होऊ शकतो, म्हणून देतात ते. आणि पायाचे पंजे वरखाली करायला सांगितलेत ते पण कर, त्याने पायात रक्त गोठायचा धोका कमी होतो. दुखलं तर सिस्टरला सांग, सोसत बसू नको, गप्प राहून सोसायची तुझी जुनी सवय आहे आणि ती इथे कामाची नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून चार पावलं टाकलीस म्हणे! डॉक्टर पण खुश झाले म्हणे. रोज दोन पावलं वाढव, आम्हाला अजून काही नको.

आमरसाचं मी ताईला राऊंडला विचारायला लावलं होतं. तुझी शुगर बघून डॉक्टर म्हणाले दोन चमचे चालतील, वरून साखर नको. तर संध्याकाळच्या गाडीने पिंट्या धुळ्याला येतोय, त्याच्याकडे छोट्या डब्यात रस आहे, बिनसाखरेचा, आणि अर्धा मांडा, तो मी केलेला नाही, मायने केलेला आहे. बाकीचं फुवा आणि ताईसाठी. पिशवीत खाली एक लुगडं आहे, माहेरचं. जिभाऊ स्वतः दुकानात गेले होते, मोरपंखी रंग त्यांनीच निवडला. ते दवाखान्यात नेसायचं नाही हे कळतं गं, नुसतं उशाशी ठेव. आखाजीला लेक माहेराहून रिकामी जात नाही, मग आज माहेरच तुझ्याकडे आलंय असं धर.

शेजारच्या पलंगावरच्या आजींना पण आमच्याकडून आखाजीच्या शुभेच्छा सांग, त्यांच्याकडे कोणी आलं नसेल तर त्यांनाही एखादा मांडा दे, डॉक्टरांना विचारून. पिंट्याजवळ जास्तीचे आहेत.

झोका मी सोडणार नाहीये. पोरी सुट्टीभर खेळतीलच, पण पाऊस लागला तरी दोर तिथेच राहू देणार, जिभाऊंना विचारलंय, हो म्हणाले. तू काठी टेकत का होईना ये, झोक्यावर नको बसूस, नुसती निंबाखाली खाट टाकून बस.

लवकर बरी व्हई जा फुई. तुनी लई याद येस.

रात्री आठला फोन करते. तोवर गोळ्यांची फुंकणी दहा वेळा, मी ताईला विचारणार आहे.

तुझी भाची आणि घरातले सगळे