बैरंग

आमची सकाळची गाडी म्हणजे जोर-वाई. रात्री जोरला मुक्कामी असते, उजाडायला निघते आणि साडेसातच्या आत वाईला लागते. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, कॉलेजच्या पोरी आणि माझ्यासारख्या दोन-चार नोकरदार बायका. मी वाईत एका पतसंस्थेत आहे. नऊ वर्षं याच गाडीने जाते, तरी गाडीतल्या निम्म्या माणसांची आडनावं मला माहीत नाहीत. कोण कुठे चढतो, कुणाला खिडकी लागते, कुणाला मेणवलीच्या वळणावर मळमळतं, हे मात्र पाठ आहे.

आमचे कंडक्टर म्हणजे मास्तर. त्यांनाही नाव असणारच, छातीवरच्या बिल्ल्यावर ते लिहिलेलं असेल, पण तो बिल्ला मी कधी वाचला नाही. मास्तर फार बोलत नसत. कुणी शंभराची नोट काढली की एक सुस्कारा टाकत आणि तिकिटाच्या मागे राहिलेले पैसे लिहून देत. जानेवारीत भाडं वाढल्यापासून हे सुट्ट्यांचं त्रांगडं जास्तच झालं होतं. तिकिटाच्या मागे लिहायला कानावर कायम एक निळं पेन.

पण वडाचा फाटा आला की त्यांची कळा बदलायची.

फाट्यावर आबा उभे असायचे. धोतर, खाकी कोट, डोक्याला मफलर आणि काखेत कापडी पिशवी. आबा पूर्वी टपाल वाटायचे. पगारी पोस्टमन नव्हे, गावाकडे खात्याचा अर्धवट माणूस असतो तो. घरची शेती बघायची आणि दोन-चार वाड्यांचं टपाल पायी पोचवायचं. अशांना पेन्शन नसते. गाडी थांबली की मास्तर दार उघडायचे, खाली वाकून बघायचे आणि गाडीभर ऐकू जाईल असं ओरडायचे,

"या आबा, या! बैरंग टपाल आलं! जागा करा रं!"

आबा पायरी चढता चढता म्हणायचे, "दंड कोण भरतंय?"

"सरकार!" असं म्हणून मास्तर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट फाडून त्यांच्या हातात द्यायचे आणि दोरी दोनदा ओढायचे. टण टण.

हल्लीच्या पोरांना सांगायला हवं. तिकीट न लावता टाकलेलं पत्र म्हणजे बैरंग, आणि ते सोडवताना घेणाऱ्याला दुप्पट भरावे लागत. पंचाहत्तरच्या पुढच्या माणसाला एस.टी. 2022 पासून फुकट झाली, त्यानंतर कधीतरी मास्तरांना हा विनोद सुचला असावा. सुचला तेव्हा बरा असेल. रोज ऐकून त्यात विनोद असा उरला नव्हता. पण 'दंड कोण भरतंय' ऐकल्यावर मागच्या बाकावरच्या पोरी न चुकता फिस्सकन हसायच्या, आणि मला कळायचं की दिवस सुरू झाला. आमचं बायकांचं अर्धं तिकीट, पोरींचा पास, आबांचं शून्य. वाईत उतरून आबा गणपतीच्या घाटावर जाऊन बसत, कुणाचा तरी पेपर मागून वाचत आणि दुपारच्या गाडीने परत जात. एवढंच त्यांचं काम.

मार्चच्या मध्यावर एका सोमवारी फाट्यावर कुणी नव्हतं.

ड्रायव्हरने गाडी थांबवली. मास्तरांनी दार उघडलं, वाकून बघितलं, वाडीच्या रस्त्याकडे बघितलं. मग काही न बोलता दोरी ओढली. मंगळवारीही तेच. बुधवारी मास्तरांनी दार उघडलं नाही, नुसती काच सरकवली. पुढच्या आठवड्यापासून गाडी फाट्यावर थांबेनाशी झाली, पण हळू व्हायची. ड्रायव्हर गिअर उतरवायचा, वडाखालून गाडी चालत नेल्यासारखी न्यायचा, मग पुन्हा वेग घ्यायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एखाद्या घरात रोजचं घड्याळ बंद पडावं तशी गाडी झाली. मास्तर तिकिटं देत होते, 'पुढं सरका' म्हणत होते, पण कुणाला 'या' म्हणाले नाहीत. दुधवाल्या सदाने एकदा न राहवून चढताना स्वतःच म्हणून पाहिलं, "आलं बरं का बैरंग!" कुणी हसलं नाही. मास्तर म्हणाले, "कॅनचं लगेज काढ."

तुम्ही म्हणाल, विचारायचं ना. वाडी फाट्यापासून जेमतेम कोसभर. पण कुणीच विचारलं नाही. मीही नाही. सत्तरी ओलांडलेला म्हातारा यायचा बंद झाला की त्याचं उत्तर एकच असतं असं आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात धरून टाकलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची कुणाची तयारी नव्हती. एकदा वाईच्या स्टँडवर मी मास्तरांना म्हटलं, "आबांचं काही कळलं का?" ते मशीनमधलं कागदाचं भेंडोळं बदलत होते. वर न बघता म्हणाले, "न्हाय मॅडम. आणि मी इचारलंबी न्हाय. न इचारता हाईत तवर हाईत."

वर विचारायचं तरी काय म्हणून? वाडीत आबा पंधरा असतील. आमच्या आबांचं आडनाव कुणाला ठाऊक होतं?

एप्रिलच्या अखेरीला तानुबाई गाडीत आली. ही त्याच वाडीची. मिरच्यांची पाटी घेऊन महिन्या-दोन महिन्यांतून एकदा बाजाराला येते. फाट्यावर गाडी हळू झाली, तानुबाईने हात केला, ती चढली. मास्तरांनी तिचं तिकीट फाडलं, पैसे घेतले, दोन पावलं मागे गेले आणि परत फिरले.

"मावशी, टपालवाले आबा..."

"त्येंना काय धाड भरलीया?" तानुबाई म्हणाली. "सकाळधरनं गोठ्यात खुडबूड चाललीया."

गाडीत एकदम सगळे बोलायला लागले. मास्तर मधल्या दांड्याला धरून उभे होते. "मग येत का न्हाईत?"

तानुबाईने पाटी पायांत सरकवली आणि सांगितलं. मास्तर एका रविवारी सुट्टीवर होते. त्या दिवशीच्या बदली कंडक्टरने आबांना आधार कार्ड मागितलं. कार्डावर जन्मतारीख 1 जून 1950. म्हणजे पंचाहत्तर पुरे नाहीत. कंडक्टर सरळ माणूस. आजोबा, अर्धं तिकीट काढावं लागंल, म्हणाला. आबांनी पैसे दिले. मग तो सहज बोलून गेला, आजवर तुम्हाला फुकट नेलं कुणी? तपासणी आली असती तर त्याची नोकरी गेली असती.

"तवापासनं न्हाय आले," तानुबाई म्हणाली. "मास्तरच्या पोटावर पाय पडतोय म्हणत्यात."

1 जून! आमच्याकडे त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस 1 जूनच असतो. शाळेत नाव घालायला आलेल्या आईला तारीख सांगता आली नाही की गुरुजी 1 जून टाकून मोकळे व्हायचे. खुद्द एस.टी.चा वाढदिवसही 1 जूनच, 1948 चा, पण तो खरा. आबांची आई त्यांना सांगायची, जळिताच्या वर्षी पावसाळ्यात तू झालास. म्हणजे गांधीजी गेले आणि आमच्या भागात वाडे पेटले, ते वर्ष. तेही 1948. गुरुजींच्या लेखणीत आबांची दोन वर्षं गेली होती.

"मला म्हाईत हुतं की," मास्तर हळूच म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "जळिताचं वरीस मीच बोटावर मोजलं हुतं. कारड मागितलंच न्हाय मी."

चूक मास्तरांचीच होती. नियम कागदावर चालतो, आईच्या आठवणीवर नाही. पण त्या सकाळी गाडीत हे कुणी बोललं असतं तर बाकीच्यांनी त्याला खाली उतरवलं असतं.

उतरताना मास्तरांनी तानुबाईकडे निरोप दिला. अर्धं तिकीट काढून या म्हणावं, मी काढतो हवं तर. निरोप पोचला असणार. फाट्यावर मात्र कुणी आलं नाही. रोजचं जाऊन-येऊन अर्ध्या तिकिटाचे पैसे आबांच्या खिशाला जड, आणि मास्तरांनी भरलेलं त्यांना चाललं नसतं. गाडी पुन्हा वडाखालून चालत जाऊ लागली. फरक इतकाच, की आता मास्तर वाडीच्या रस्त्याकडे बघून मान हलवायचे. रागाने म्हणा, कशाने म्हणा.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मास्तर स्टँडवर माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि खिशातून पोस्टकार्ड काढलं. "मॅडम, वाचा. मला एक अक्षर लागंना का काय, बघा." अक्षर तर वळणदार होतं, लहान पोरालाही लागलं असतं.

पत्ता असा: 'रा. रा. मास्तर, सकाळची जोर गाडी, एस.टी. आगार, वाई 412803.' कंट्रोलरने बरोबर पोचवलं होतं.

मजकूर: 'माझे वय सरकारी हिशोबाने 1 जूनला पुरे होत आहे. त्या दिवशी रविवार, आपली सुट्टी. तरी सोमवार दि. 2 रोजी फाट्यावर उभा राहतो. तोवर फाट्यावर गाडी हळू करू नये. घरी आवाज येतो. डिझेल वाया जाते. कळावे.'

खाली पूर्ण नाव लिहिलं होतं. पांडुरंग विठोबा, मग आडनाव. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ते कार्ड गाडीत फिरवलं. सदा म्हणाला, "आयला, पांडुरंग व्हय!"

ड्रायव्हरने कार्ड वाचलं आणि परत दिलं. गाडी फाट्यावर हळू करायचं काही त्याने सोडलं नाही.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. 2 जूनला सकाळी भुरभुर चालू होती. शाळा-कॉलेजं बंद, त्यामुळे मागचे बाक रिकामे. तरी मागच्या बाकावरच्या दोघी कसलंतरी काम काढून आल्या होत्या. सदा दुधाचे कॅन टाकून एरवी मधेच उतरतो, तो बसून राहिला.

वडाखाली छत्री दिसली. गाडी थांबली.

मास्तरांनी दार उघडलं. आबा छत्री मिटवत होते. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि चढण्याआधीच पुढे केलं. आम्ही सगळे मास्तरांच्या तोंडाकडे बघत होतो.

मास्तरांनी कार्ड घेतलं. पुढून बघितलं, उलटून बघितलं. डोळ्यांपासून लांब धरून तारीख वाचली. ड्रायव्हर मान वळवून थांबला होता. पाऊस पायरीवर पडत होता.

"आबा," मास्तर म्हणाले, "ह्ये बैरंग न्हाय."

आबा काही बोलले नाहीत.

"जागा करा रं!" मास्तर गाडीकडे वळून ओरडले. "रजिस्टर आलंय!"

आबा पायरी चढले. शून्याचं तिकीट त्यांनी हातात घेतलं, बघितलं आणि पुन्हा मास्तरांपुढे धरलं.

"रजिस्टर हाय न्हवं? मग सही करा."

मास्तरांनी कानावरचं निळं पेन काढलं, तिकीट उलटं करून बाकाच्या पाठीवर टेकवलं आणि सुट्टे पैसे लिहायच्या जागी सही केली. मग दोरी ओढली. टण टण.