रातांबा प्रक्रिया उद्योग, तालुका वेंगुर्ले, जिल्हा सिंधुदुर्ग : कर्जासाठी सविस्तर प्रकल्प अहवाल

सादर दिनांक : १२ डिसेंबर २०२४
कर्जमागणी : मुदत कर्ज ४,९५,००० रुपये व कॅश क्रेडिट ४,००,००० रुपये
योजना : प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना (भांडवली खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान)

अर्जदार व अनुभव

मी सहा वर्षे घरी अमृत कोकम, आगळ आणि आमसुलं करते. मागच्या हंगामात १,१०० लिटर अमृत कोकम विकले. जमा रकमा सोबतच्या खातेउताऱ्यात आहेत. त्याच हंगामात जूनच्या पहिल्या सरीत मांडवावरची १८० किलो सोलं बुरशीने गेली. रातांबा पिकतो तो नेमका पावसाच्या तोंडावर, म्हणून या अहवालातला सर्वांत मोठा यंत्रखर्च ड्रायरचा आहे. उद्यम नोंदणी झाली आहे. वाढीव उत्पादनासाठी एफएसएसएआयचा राज्य परवाना मागितला आहे.

कच्चा माल व उत्पादन

पहिल्या वर्षी ९ टन, पूर्ण क्षमतेला १५ टन रातांबे लागतील. घरच्या २२ झाडांचे साधारण दीड टन येतात. उरलेले गावातील व शेजारच्या दोन वाड्यांतील १४ बागायतदार देतील. भाव जागेवर २० रुपये किलो धरला आहे. ‘सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम’ला भौगोलिक मानांकन मिळाले असून अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करणार आहे.

पूर्ण क्षमतेला ७,५०० किलो साल निघेल. त्यातील ४,००० किलो दुप्पट साखरेत मुरवून ८,००० लिटर अमृत कोकम (किमान २५ टक्के रस, ६५ ब्रिक्स), २,००० किलोचे २,००० लिटर आगळ, आणि १,५०० किलोची ३०० किलो आमसुलं होतील. सुकलेल्या १,००० किलो बिया मुठेल काढणाऱ्यांना विकू.

भांडवली खर्च

| बाब | रुपये |
|---|---|
| सौर-विद्युत ट्रे ड्रायर | १,६०,००० |
| स्टेनलेस स्टीलच्या टाक्या | ८५,००० |
| रस काढणी यंत्र | ७५,००० |
| बाटली भरणी व बूच यंत्र | ६०,००० |
| वजनकाटा, रिफ्रॅक्टोमीटर, पीएच मीटर | ३०,००० |
| असलेल्या शेडमध्ये फरशी, जाळ्या, पाणी, वायरिंग | १,४०,००० |
| एकूण | ५,५०,००० |

यात माझा वाटा १० टक्के, म्हणजे ५५,००० रुपये. अपेक्षित अनुदान १,९२,५०० रुपये.

खेळते भांडवल

शाखेने हा भाग विशेष लक्ष देऊन पाहावा, ही विनंती. वार्षिक उलाढालीच्या २० टक्के धरले तर मर्यादा पावणेदोन लाखांच्या आसपास बसते आणि तेवढ्यात हंगाम निभत नाही. वर्षाचा सगळा रातांबा एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत घ्यावा लागतो आणि साखरही तेव्हाच लागते, विक्री मात्र पुढच्या मेपर्यंत चालते. पहिल्या हंगामाची गरज अशी : रातांबे १,८०,०००, साखर २,११,२००, मीठ ६,०००, मजुरी ८६,४००, बाटल्यांचा पहिला लॉट ५६,४००, एकूण ५,४०,००० रुपये. यातील १,४०,००० मी घालते. डिसेंबरपर्यंत उचल निम्म्यावर आणीन.

विक्री

पहिल्या वर्षीच्या ४,८०० लिटर अमृत कोकमपैकी २,६०० लिटरची मागणी मालवण व वेंगुर्ल्यातील ११ दुकानदारांनी लेखी दिली आहे (पत्रे सोबत). १,६०० लिटर घरून व पर्यटकांना १८० रुपयांनी जाईल, ६०० लिटर म्हापशाच्या बाजारात. घाऊक भाव १२० रुपये असल्याने सरासरी १४० पडते. आगळ ११० रुपये लिटर, आमसुलं ३२०, बिया ५० रुपये किलो.

नफा व परतफेड (रुपये)

| | वर्ष १ (६०%) | वर्ष २ (८०%) | वर्ष ३ (१००%) |
|---|---|---|---|
| विक्री | ८,९१,६०० | ११,८८,८०० | १४,८६,००० |
| खर्च | ७,११,२०० | ९,३६,६०० | ११,६२,००० |
| शिल्लक | १,८०,४०० | २,५२,२०० | ३,२४,००० |

खर्चात माझी मजुरी धरलेली नाही. घर आंब्याच्या ४० कलमांवर चालते. कॅश क्रेडिटचे व्याज २५,००० वजा जाता पहिल्या वर्षी १,५५,४०० उरतात. अनुदान जमेस धरून ३,०२,५०० वर पाच वर्षांची मुदत व १०.५ टक्के व्याज धरले, तर पहिल्या वर्षाची परतफेड सुमारे ९२,३०० रुपये, उरलेल्या रकमेचे परतफेडीशी प्रमाण १.६८.

अनुदान लांबले तर हीच परतफेड सुमारे १,५१,००० होते आणि प्रमाण १.०३ वर येते. हप्ता तरी भागतो, पण हातात काही उरत नाही. तसे झाल्यास दुसऱ्या हंगामात ८० टक्क्यांवर न जाता ६० टक्क्यांवरच थांबेन.

तारण व वेळापत्रक

यंत्रे व साठा बँकेकडे नजरगहाण राहील. एकूण कर्ज १० लाखांच्या आत असल्याने सीजीटीएमएसई हमीखाली स्थावर तारणाशिवाय मंजुरी मिळावी. ड्रायर बसवून चाचणी घ्यायला सहा आठवडे लागतात, म्हणून मुदत कर्जाची रक्कम फेब्रुवारी २०२५ अखेर आणि कॅश क्रेडिट २० एप्रिलपूर्वी खुले व्हावे.