३० नोव्हेंबर २०२४, शनिवार : आजची पानं २२, महिन्याचा हिशोब खाली

दादा, आज २२ झाले. त्यातले ९ जिनिंगच्या गेटवर, कापसाची गाडी लायनीत लागली होती सकाळपासून अन् नंबर काही सरकून नाई रायला मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरच बसलो वाचत, बाकीचे १३ रात्री जेवल्यावर. पुस्तक तेच, उद्धव शेळक्यांचं 'धग'. तू म्हणतो एवढा वेळ काहून लागून रायला, तर बोली आपलीच हाये म्हणून पटपट होईन असं मले बी वाटलं होतं पण उलटच झालं, कौतिकचं बोलणं आलं का आजीच आठवते अन् तेच पान पुन्हा वाचतो. पुन्हा वाचलेलं पान मोजत नाई मी, नाईतर टार्गेट कधीच झालं असतं.

आता महिन्याचं. रोजचे १५ म्हणजे ४५० पायजे होते.

१ ते ७ : ८४
८ ते १४ : ६१
१५ ते २१ : ११८
२२ ते २८ : ९७ (१८, ०, १४, १६, १५, १३, २१)
२९ : १२
३० : २२
एकूण : ३९४

म्हणजे ५६ कमी पडले. शून्याचे दिवस पाच. १ अन् ३ तारीख दिवाळीत गेली, लक्ष्मीपूजन अन् भाऊबीज, त्याचं काही नाई. ११ अन् १२ ले रातची लाइन होती, हरभऱ्याले पाणी देत रात्रभर वावरात, टॉर्च होता पण डोळे कुठं उघडे राह्यतात बापा. २३ ले निकाल, दिवसभर मोबाइल हातात, त्याची मले खरंच लाज वाटते. अन् गंमत पाय, २० ले मतदानाच्या दिवशी सगळ्यात जास्त, ३१ पानं! शाळेत लायनीत उभं राहून १०, मग वेचणीले बाया नव्हत्या म्हणून घरीच होतो दुपारभर.

मी गणित करून पाह्यलं, ३० दिवसांत धरलं तर रोजचे १३ च पडतात, पण जे २५ दिवस बसलो त्याचेच धरले तर पावणेसोळा येतात. म्हणजे बसलो का होते, बसतच नाई हा वांदा हाये. म्हणून डिसेंबरात १५ चंच टार्गेट ठेवतो, वाढवत नाई, फक्त रातच्या लाइनीच्या दिवशी संध्याकाळीच वावरात निघाच्या आधी ५ तरी वाचाचे. पाच म्हणजे शून्य नाई. हे ५६ पुढं ओढत नाई, तुले चालत नसन तर सांग.

आईले ग्रामगीता वाचून दाखवतो ते ह्याच्यात नाई धरलं. ते मोजलं तं ती चिडते.

तुये किती झाले ते टाक आता, मागच्या बारीसारखं 'अंदाजे' नको. माया पुस्तकात काट्याची पावती ठेवली हाये खूण म्हणून, उद्या तिथून.