घणसोली खाडीलगत पावसाळी नाला: स्थलाकृती सर्वेक्षण अहवाल, प्रकरण 3 – कंट्रोल, डेटम आणि अचूकतेच्या मर्यादा

हे प्रकरण नाल्याचा उतार, होल्डिंग पाँडची क्षमता आणि खाडीकडच्या फ्लॅप गेटची पातळी ठरवणाऱ्या अभियंत्यांसाठी आहे. ड्रॉइंगवरची प्रत्येक लेव्हल तीन दशांश स्थळांपर्यंत छापलेली दिसते. ती सॉफ्टवेअरची सवय आहे. तीन दशांशांचा अर्थ प्रत्येक बिंदू मिलीमीटरपर्यंत खरा आहे असा होत नाही. कोणत्या बिंदूवर किती विसंबावे, हे पुढे सांगितले आहे. ड्रॉइंग उघडण्याआधी किमान 3.2 आणि 3.4 हे भाग वाचावेत.

3.1 आडवे कंट्रोल

सर्व ड्रॉइंग डब्ल्यूजीएस 84, यूटीएम झोन 43 उत्तर या प्रणालीत आहेत. सॉफ्टवेअरमध्ये कोड EPSG:32643 निवडावा. मुख्य कंट्रोल बिंदू दोन आहेत. सीपी-1 ठाणे–बेलापूर मार्गाच्या बाजूला आणि सीपी-2 खाडीकडच्या बांधावर आहे. दोन्ही ठिकाणी स्टॅटिक पद्धतीने दोन वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी चार तासांहून अधिक निरीक्षणे घेतली आणि ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या सीओआरएस केंद्रांशी जोडून सोडवली. सीपी-1 चे कोऑर्डिनेट: ईस्टिंग 289912.417, नॉर्थिंग 2115036.882. या दोन बिंदूंमधून टोटल स्टेशनने बंद ट्रॅव्हर्स घेऊन मधले सहा बिंदू ठरवले.

केंद्रांचे कोऑर्डिनेट विभागाने दिले तसेच वापरले आहेत, आम्ही ते दुसऱ्या तारखेला सरकवलेले नाहीत. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. त्यामुळे वेगळ्या सेवेने आणि वेगळ्या वर्षाच्या संदर्भात काढलेले ड्रॉइंग याच झोनमध्ये असूनही काही डेसिमीटर बाजूला बसू शकते. दुसऱ्या सल्लागाराची फाइल आमच्या फाइलवर ठेवताना दोन्हींत असलेले किमान तीन पक्के बिंदू ताडून पाहावेत. झोनचे नाव जुळले म्हणून फाइल जुळली, असे धरू नये.

आता ग्रिड आणि जमिनीवरचे अंतर. ही जागा झोनच्या मध्य रेखावृत्तापासून, म्हणजे 75 अंश पूर्वेपासून, सुमारे 210 किलोमीटर पश्चिमेला आहे. इथे यूटीएमचा स्केल फॅक्टर एकापेक्षा मोठा होतो. शिवाय या भागात एलिप्सॉइडवरची उंची उणे साठ मीटरच्या आसपास असल्यामुळे उंचीची दुरुस्तीही त्याच दिशेने जाते. एकत्रित गुणक 1.000155 आहे. ड्रॉइंगवर मोजलेले अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा दर किलोमीटरला 155 मिलीमीटरने जास्त भरते. नाल्याच्या 2,180 मीटर लांबीत हा फरक 0.34 मीटर होतो. प्रीकास्ट बॉक्सचे नग मोजताना, चेनेज मांडताना किंवा टेपने खुणा करताना ड्रॉइंगवरचे अंतर 1.000155 ने भागावे. पूर्ण जागेसाठी हा एकच सरासरी गुणक दिला आहे. त्यामुळे उरणारा फरक किलोमीटरला सहा-सात मिलीमीटरपेक्षा कमी आहे, या कामात तो सोडून देता येतो. ड्रॉइंग ग्रिडवरच ठेवली आहेत, मोजून लहान केलेली नाहीत. कृपया कोणीही फाइल स्केल करून पुढे पाठवू नये. एकदा स्केल झालेली फाइल कोणाच्या हाती कोणत्या अवस्थेत गेली, हे नंतर शोधता येत नाही.

3.2 उभा डेटम

सर्व लेव्हल मीटरमध्ये, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कवरून, मध्यम समुद्रपातळीच्या संदर्भात आहेत. नवी मुंबईत खाडीलगत काम करताना चार वेगवेगळे शून्य एकाच टेबलावर येतात आणि सर्वात महाग चुका तिथेच होतात.

पहिले शून्य आमचे, मध्यम समुद्रपातळीचे. दुसरे बंदराच्या चार्ट डेटमचे. भरतीची कोष्टके यावर असतात. अपोलो बंदर येथे मध्यम समुद्रपातळी चार्ट डेटमच्या 2.51 मीटर वर आहे. तिथली उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी 4.42 चार्ट डेटमवरची आहे, आमच्या डेटमवर ती 1.91 होते. कोष्टकातला 4.42 हा आकडा तसाच उचलून फ्लॅप गेटच्या शेजारी लिहिला, तर अडीच मीटरचा घोळ होतो. तिसरे शून्य मुंबईतल्या जुन्या महापालिका ड्रॉइंगवर दिसणाऱ्या टाउन हॉल डेटमचे, जे मध्यम समुद्रपातळीच्या वीस मीटरहून अधिक खाली आहे. रस्त्याची लेव्हल 27–28 दिसली की ते ओळखावे. चौथे शून्य जीएनएसएस यंत्राच्या एलिप्सॉइडचे. या भागात ते आमच्या शून्यापेक्षा साठ मीटरहून अधिक वर असल्याने सपाट जमिनीची उंची उणे दिसते. जीएनएसएसची कोणतीही उंची आम्ही या अहवालात अंतिम लेव्हल म्हणून वापरलेली नाही.

अपोलो बंदरच्या भरतीच्या पातळ्या संदर्भासाठी दिल्या आहेत. ठाणे खाडी आत येत अरुंद होत जाते, त्यामुळे घणसोलीची भरती तिथल्या आकड्यांवरून थेट धरू नये. नाल्याच्या तोंडाशी आम्ही पाण्याची पातळी वेळेसह नोंदवली आहे, पण ती मोजक्या दिवसांची आहे आणि डिझाइनची भरती ठरवायला पुरेशी नाही.

3.3 लेव्हलिंग आणि टीबीएम

बेंचमार्कवरून ऑटो लेव्हलने जाऊन परत येणारा 6.4 किलोमीटरचा फेरा घेतला. फरक 17 मिलीमीटर आला. या प्रतीच्या लेव्हलिंगला 12√K मिलीमीटर, म्हणजे इथे 30 मिलीमीटरपर्यंत फरक चालतो. आलेला फरक अंतराच्या प्रमाणात वाटून टीबीएमच्या लेव्हल निश्चित केल्या.

| बिंदू | जागा | लेव्हल (मी.) |
|---|---|---|
| टीबीएम-1 | ठाणे–बेलापूर मार्गाखालच्या कल्व्हर्टचा कठडा | 6.284 |
| टीबीएम-2 | नाल्यावरच्या जुन्या पुलाचे पाइल कॅप | 3.917 |
| टीबीएम-3 | होल्डिंग पाँडच्या पंपगृहाचा पाया | 3.402 |
| टीबीएम-4 | खाडीकडच्या संरक्षक भिंतीची जोती | 2.871, फक्त माहितीसाठी |

प्रकल्पाच्या जुन्या कागदांत टीबीएम-1 ची लेव्हल 6.322 दिली होती. आमच्या लेव्हलिंगने ती 38 मिलीमीटरने कमी आली. जुन्या आकड्याचे लेव्हल बुक मिळाले नाही आणि आमचा फेरा स्वतंत्रपणे दोनदा जुळला, म्हणून 6.284 हा आकडा धरला आहे. जुन्या ड्रॉइंगमधून एखादी इन्व्हर्ट लेव्हल घ्यायची असेल, तर हा फरक लक्षात ठेवावा.

टीबीएम-4 वर बांधकामाचे काहीही मांडू नये. फेब्रुवारी 2025 मध्ये तिची लेव्हल 2.871 होती. पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरमध्ये, टीबीएम-2 आणि टीबीएम-3 वरून पुन्हा पाहिले तेव्हा ती 2.862 आली. त्या दोघांमधला आपसातला फरक मात्र तसाच होता. भिंत भरावावर उभी आहे आणि खाली मऊ खाडीची माती आहे. नऊ मिलीमीटर हा वाचनातला खेळ नव्हे, भिंत खचते आहे. फ्लॅप गेटची पातळी मांडायला सर्वात जवळचा बिंदू हाच असल्याने कंत्राटदार साहजिकच तो उचलेल. म्हणून हे ड्रॉइंगवरही ठळक लिहिले आहे. गेटसाठी टीबीएम-2 वरून लेव्हल आणून टीबीएम-3 वर बंद करावी.

3.4 कशावर किती विसंबावे

खालील सर्व मर्यादा 95 टक्के विश्वासपातळीच्या आहेत: शंभरातले पंचाण्णव बिंदू या हद्दीत बसतील, उरलेले बाहेर असू शकतात. त्या नेहमीच्या मोजणीत न वापरलेल्या, वेगळ्याने घेतलेल्या तपासणी बिंदूंवरून काढल्या आहेत.

काँक्रीट, डांबर, झाकणे आणि कल्व्हर्टच्या इन्व्हर्टची लेव्हल ±25 मिलीमीटर, जागा ±40 मिलीमीटर. उघड्या, कडक जमिनीची लेव्हल ±60 मिलीमीटर. गवताळ, दलदलीच्या जमिनीवर ±150 मिलीमीटर, कारण स्टाफ कुठे टेकतो हेच तिथे नक्की नसते. कांदळवनात ±250 मिलीमीटर, आणि बिंदूंमधले अंतरही 10 ऐवजी 20 ते 30 मीटर आहे. कांदळवन संरक्षित असल्याने एकही फांदी तोडलेली नाही, असलेल्या वाटांवरूनच दिसेल तेवढे मोजले. तिथल्या अर्ध्या मीटरच्या कंटूर रेषा तुटक दाखवल्या आहेत. त्या नुसती जमिनीची ठेवण सांगतात. त्यांवरून पाँडचे घनमापन करू नये.

सर्वात अवघड भाग नाल्याच्या तळाचा. दोन टोकांचे काँक्रीट इन्व्हर्ट पक्के आहेत: कल्व्हर्टखाली 1.64 आणि खाडीकडे 0.52. उतार 2,180 मीटरमध्ये 1.12 मीटर, म्हणजे 1946 ला 1. दोन्ही टोकांची अनिश्चितता धरली तरी तो 1887 ते 2009 ला 1 या दरम्यान राहतो. एवढ्या उतारावर डिझाइन पुढे नेता येईल.

मधल्या क्रॉस सेक्शनचे तसे नाही. तिथे गाळावर पाणी होते. ओहोटीच्या वेळी रुंद चकती लावलेली काठी हाताला अडकेल तिथपर्यंत सोडून तळ मोजला. एकाच जागी दोन माणसांनी मोजले तेव्हा दहा-बारा सेंटीमीटरचा फरक आला. म्हणून गाळाच्या पृष्ठभागाची मर्यादा ±150 मिलीमीटर धरली आहे. आता पाहा: शंभर मीटर अंतरावरच्या दोन सेक्शनमध्ये खरा उतार 51 मिलीमीटरचा, आणि त्या दोन लेव्हलच्या फरकातली अनिश्चितता 210 मिलीमीटरची. लाँगिट्युडिनल सेक्शनवर काही ठिकाणी नाला उलटा वाहतो असे दिसेल. तो मापनाचा गोंधळ आहे की खरोखरचा उंचवटा, हे या सर्वेक्षणातून सांगता येत नाही. लगतच्या सेक्शनांवरून उतार काढू नये. गाळाखालचा मूळ तळ आम्ही मोजलेलाच नाही, त्यामुळे गाळ काढण्याचे परिमाण या सेक्शनांवरून बांधणे धोक्याचे आहे. हे बिंदू `SILT_TOP` या वेगळ्या लेयरवर ठेवले आहेत.

चेंबरच्या इन्व्हर्ट झाकण उघडून टेपने मोजल्या आहेत. सात झाकणे उघडली नाहीत, त्यांची नोंद यादीत आहे. जमिनीखालच्या केबल आणि जलवाहिन्या शोधलेल्या नाहीत. कुंपणे आणि भिंती जिथे दिसल्या तिथे दाखवल्या आहेत, त्या मालकीच्या हद्दी नव्हेत. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लागेल.

3.5 बांधकामासाठी ड्रॉइंग काढण्यापूर्वी

चेनेज 740 ते 1,310 मधला गाळ काढून, पाणी अडवून, त्या पट्ट्यातले सेक्शन ऑटो लेव्हलने पुन्हा घ्यावेत. त्या कामाला टीबीएम-2 पुरेसा आहे. फ्लॅप गेटच्या जागी किमान एक पूर्ण चांद्रमास भरतीची नोंद ठेवावी, आणि तिचे शून्य टीबीएम-3 ला लेव्हलने बांधावे. मार्च 2026 नंतर हे ड्रॉइंग वापरताना टीबीएम-1, 2 आणि 3 यांतील आपसातले फरक आधी तपासावेत. कोणत्याही दोघांत 10 मिलीमीटरपेक्षा जास्त बदल आढळल्यास मांडणी थांबवून बेंचमार्कपासून फेरा पुन्हा घ्यावा.