अंगठा परत

आमच्या संमतीपत्रकातलं सहावं वाक्य असं आहे: ‘मुलाखत चालू असताना तुम्ही कधीही थांबू शकता, कारण सांगावं लागणार नाही, आणि तुमची इच्छा असेल तर तोवर दिलेली माहितीही काढून टाकली जाईल.’ बायका हे ऐकताना मान डोलावतात आणि शाईच्या पॅडकडे बघतात. अंगठा कुठं लावायचा तेवढं सांगा, वेळ घालवू नका. हे वाक्य कुणी वापरलेलं मी पाहिलं नव्हतं. आमच्या टीममध्ये कुणीच पाहिलं नव्हतं.

वडवणी तालुक्यातली वस्ती, मे महिना. कारखान्यांचा पट्टा पडून, म्हणजे गाळपाचा हंगाम संपून, माणसं घरी आलेली, पेरणीला अवकाश. ऊसतोड कुटुंबांकडे जायचं तर हाच काळ. दिवाळीनंतर गेलात तर दाराला कुलूप आणि ओसरीवर एखादी म्हातारी, एवढंच भेटतं. आमचा अभ्यास बायकांच्या आरोग्याचा होता, म्हणजे अखेर गर्भाशयाची पिशवी काढण्याच्या ऑपरेशनचा. २०१९ मध्ये बीडच्या बायकांच्या पिशव्यांची बातमी देशभर झाली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ बायकांची नोंद झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हापासून या वस्त्यांवर कॅमेरे आले, विद्यार्थी आले, आम्ही आलो. आमची गाडी दिसली की पोरं लांबूनच ओरडतात, ‘पिशवीवाले आले!’

घरात शिरायची आमची एक रीत आहे. महेश नवऱ्याला घरगुती माहितीचा फॉर्म भरायला लिंबाखाली नेतो. आगाऊ उचल किती, मुकादम कुठला, ऊस वाहायला डोकी सेंटर की टायरगाडी, जनावरं किती. त्याचे प्रश्न मुद्दाम लांब केलेले आहेत. तेवढ्या वेळात मी आत बाईजवळ बसते. सासू असली तर तिला साक्षीदार करता येत नाही, साक्षीदार घरचा नसावा. म्हणून शेजारची सातवी शिकलेली सून आली, तिनं वाक्यन् वाक्य नीट ऐकलं, अंगठ्याशेजारी सही केली आणि गेली. सासू देवदर्शनाला गेलेली. एवढी सगळी जुळणी क्वचित होते.

ताई माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या असतील. नाव लिहीत नाही, गावही नाही. वेळेचा मोबदला म्हणून दोनशे रुपये आधीच द्यायचे असतात, ते त्यांनी उशाखाली सारले. रेकॉर्डर सुरू केला. सुरुवातीचे प्रश्न नेहमीसारखे गेले. लग्न कितव्या वर्षी, लेकरं किती, पहिल्यांदा तोडीला कधी. पाळीच्या दिवसांत फडात काय करता, या प्रश्नाला त्या हसल्या. “काय करनार? मोळी उचलनार. खाडा पडला तर पाचशे कोन भरल?”

त्यानंतर मात्र त्या बोलू लागल्या, आणि मी टॅब मांडीवर उलटा ठेवला. प्रश्नावलीच्या पुढे धावणारं बोलणं फार कमी वेळा हाताला लागतं. ज्या अभ्यासासाठी मी उन्हातान्हात फिरत होते त्याचं अर्धं उत्तर त्या खोलीत मिळत होतं, आणि ते माझ्या लगेच लक्षातही आलं. काय बोलल्या ते इथं लिहिणार नाही. कुणाला वाटेल, नाव बदलून लिहायला काय हरकत आहे? त्यांची हरकत आहे.

चोविसाव्या प्रश्नाच्या मध्येच त्या थांबल्या.

“बास.”

“पाणी घेता का? थोडं थांबू.”

“थांबू न्हाई. बास. तुम्ही मगा वाचलं ना, कदी बी थांबा म्हनून. आन् पुसता बी येतं म्हनलात.”

“हो ताई.”

“मग पुसा.”

कारण विचारायचं नाही, हे प्रशिक्षणात पढवलेलं असतं. न विचारताही डोकं शोधत राहतंच. दारात त्यांची लेक येऊन उभी होती, तेरा-चौदाची, शाळेच्या गणवेशाचा जुना फ्रॉक घातलेली. रस्त्यावरून एक मोटारसायकल सावकाश गेली होती आणि ताईंनी मान वळवून पाहिलं होतं. मी एक प्रश्न विचारताना त्यांच्या दंडाला हात लावला होता. यातलं काहीतरी असेल, कदाचित यातलं काहीच नसेल. आम्हा लोकांना कारणाशिवाय चैन पडत नाही, पण तो आमचा रोग.

“पुढचे प्रश्न सोडून देऊ, आणि झालेलं तेवढं ठेवू का?” मी विचारलं. हा प्रश्न विचारायला परवानगी आहे, एकदाच.

“न्हाई.”

मी टॅब सुलटा केला. वस्तीवर नेटवर्क नव्हतं, त्यामुळे फॉर्म पुढे गेलेला नव्हता, जे काही होतं ते टॅबमध्येच. त्या माझ्या खांद्याशी येऊन बसल्या. फॉर्म उघडून दाखवला, खाली नेऊन दाखवला, ‘डिलीट’ कुठं आहे ते दाखवलं.

“मी दाबू?”

“दाबा.”

त्यांनी बोट मळक्या पदराला पुसलं आणि दाबलं. ‘नक्की काढायचं का?’ असं टॅबनं विचारलं. मी वाचून दाखवलं. “त्याला कितीदा सांगायचं?” म्हणत त्यांनी परत दाबलं.

मग रेकॉर्डर. तो पुसायच्या आधी त्या म्हणाल्या, “जरा ऐकवा की. मी कशी बोलते ते ऐकू द्या.” लेकीला त्यांनी पाणी आणायला पिटाळलं. मी सुरुवातीपासून लावलं. स्वतःचं वय सांगणारा स्वतःचा आवाज ऐकून त्या पदर तोंडाला लावून हसल्या. “मायव! अशी बोलते व्हय मी? म्हातारीवानी.” थोडं पुढे गेलं तशा गप्प झाल्या. एका ठिकाणी त्यांचा हात वर आला, मी बंद केलं. ती फाइलही त्यांनीच काढली. रेकॉर्डरच्या पडद्यावर शून्य आलं ते दोनदा तपासून घेतलं.

त्यांनी उशाखालून दोनशे रुपये काढून माझ्यापुढे ठेवले.

“हे राहू द्या ताई, हे वेळेचे आहेत. तुम्ही वेळ दिलात.”

“काम अर्धंच झालं.”

“तरी तुमचेच. कागदात तसं लिहिलंय.”

“उचल न्हाई ना ही? पुढच्या वर्साला येऊन म्हनाल, पैसे घेतले हुते, बोला आता.”

“नाही.”

त्या जरा वेळ नोटांकडे बघत राहिल्या. मुकादमाकडून उचललेली रक्कम हंगामात फिटली नाही की पुढच्या वर्षी कोयता त्याच्याच दावणीला. ज्यांच्या हिशेबाची वही अशी कधी मिटतच नाही, त्यांना फुकटचे दोनशे रुपये कोण कसे पटवणार? अखेर एक नोट त्यांनी घेतली, एक माझ्याकडे सरकवली. “अर्ध्याचे अर्धे.” मी घेतली. पावतीत काय लिहायचं ते आमच्या प्रमुख मॅडम बघतील.

मी उठायला लागले तर त्यांनी बॅगेला हात घातला. “कागद?”

“तुमची प्रत आहे ना तुमच्याकडे.”

“तुमच्याकडचा. माजा अंगठा हाय त्यावर.”

इथं मी अडकले. आमच्याकडची प्रत आमच्याकडेच राहते. आचारसमितीला दाखवावी लागते, संस्थेच्या कपाटात कुलपात राहते. कुणी माघार घेतली तर तिच्यावर तारीख घालून ‘संमती मागे घेतली’ असं लिहायचं, पण कागद ठेवायचा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत माघारीचा हक्क स्पष्ट आहे, पण अंगठा परत मागणाऱ्या बाईला काय सांगायचं ते निदान मला पढवलेल्या पानांत नव्हतं. मी त्यांना हे जमेल तसं सांगितलं. कपाट, कुलूप, समिती.

“बोलनं माजं ठेवायचं न्हाई,” त्या म्हणाल्या, “मंग अंगठा कशाला ठेवता?”

पाण्याच्या टाकीपाशी दोन काड्या नेटवर्क येतं. तिथं जाऊन मी मॅडमना फोन लावला. त्या आधी म्हणाल्या, “चोविसाव्याला? अगं, गाभाच हातचा गेला की.” मग म्हणाल्या, “ठीक आहे, माघार म्हणून नोंद कर, यादीतलं पुढचं घर घे.” कागदाचं विचारलं तेव्हा थोडं थांबल्या. “आपली प्रत आपल्याकडेच. संमती घेतली होती याला उद्या पुरावा काय?”

“कशाच्या संमतीचा, मॅडम? माहितीच नाही आता आपल्याकडे.”

“नियम तू केलेला नाहीस, मीही नाही.”

“साक्षीदाराकडून लिहून घेते. संमती दिली होती, मागे घेतली, माहिती समक्ष पुसली. फॉर्म नंबर, तारीख, तिची सही.”

“आणि कागद?”

“कागद देते.”

“मी हो म्हटलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. नाहीही म्हणाल्या नाहीत. वीस वर्षं फील्डवर काढलेल्या बाईकडून एवढं मिळालं तरी पुष्कळ होतं.

शेजारची सून परत आली. तिनं सावकाश, रेघ सोडून, टपोऱ्या अक्षरात चार ओळी लिहिल्या आणि ‘समक्ष’ शब्दाशी अडून मला विचारून घेतलं. ताईंनी दोन्ही प्रती एकावर एक ठेवल्या. मला वाटलं फाडतील, चुलीत घालतील. त्यांनी घड्या घातल्या आणि पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये सारल्या.

“मुकादमाकडं माजे सात-आठ अंगठे आसतील,” त्या म्हणाल्या, पेटी लावता लावता. हे वाक्य मुलाखतीतलं नाही. लिहू का, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, “हे ल्ह्या.”

लिंबाखाली महेश जनावरांच्या तिसऱ्यांदा विचारलेल्या प्रश्नावर रेंगाळत होता. नवरा वैतागून म्हणत होता, “अवो साहेब, येकच शेळी हाय, किती येळा मोजता?” आम्ही चहा घेतला. ताईंनी उलट माझीच चौकशी केली. लग्न झालंय का, पगार किती, आई कुणापाशी असते. मी सगळ्याची उत्तरं दिली. पगाराच्या आकड्यावर त्यांनी “एवढाच?” म्हटलं ते मात्र मनाला लागलं.

यादीतलं पुढचं घर ओढ्यापलीकडे होतं. आम्ही गाडी वळवून, पाणवठ्याचा फेरा घालून तिथं पोचेपर्यंत बातमी पायवाटेनं आधीच पोचली होती. घरची बाई अंगणात दाळ निवडत होती, तिशीची, काटक. महेश नवऱ्याला घेऊन गेला. मी सूप बाजूला सरकवून बसले, कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. सहाव्या वाक्याशी आले तशी तिनं हात वर केला.

“हे परत वाचा.”

वाचलं.

“पैसे अर्धे देतात म्हनं.”

“पूर्ण देतो. ताईंनीच अर्धे घेतले.”

“बरं. आन् कागद?”

मी काही बोलायच्या आत तिनं शाईचं पॅड जवळ ओढलं, दोन्ही प्रतींवर अंगठा उमटवला आणि दोन्ही प्रती स्वतःच्या मांडीखाली सारल्या.

“विचारा काय विचारायचं ते,” ती म्हणाली. “तुमचा कागद तुम्हाला द्यायचा का न्हाई ते झाल्यावर बगू.”